मौन धरायच्या आधी बोलून घ्यायचं असतं

2 जून 1947, वार सोमवार. फाळणीची योजना त्याच दिवशी सकाळी नेत्यांपुढे ठेवून झाली होती आणि दुपारी गांधीजी माउंटबॅटनना भेटायला येणार होते. माउंटबॅटनना धाकधूक होती, कारण हा माणूस जाहीर नाही म्हणाला तर सगळंच अवघड. गांधीजी आले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सोमवार म्हणजे त्यांचा मौनाचा वार. मग ती सगळी भेट जुन्या, वापरलेल्या लिफाफ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून झाली. ते लिफाफे जपून ठेवलेत, आणि त्यातला मजकूर साधारण असा आहे की मला बोलता येत नाही याबद्दल क्षमस्व, सोमवारचं मौन ठरवलं तेव्हाच मी दोन अपवाद राखून ठेवले होते, एक म्हणजे तातडीच्या विषयावर वरच्या अधिकारपदावरच्या माणसाशी बोलणं आणि दुसरा आजारी माणसाची सेवा करताना बोलणं, पण मी मौन मोडावं अशी तुमची इच्छा नाही हे मला माहीत आहे.

हा प्रसंग बहुतेक वेळा राजकारणाच्या अंगाने सांगितला जातो. मला मात्र त्यात अडकवून ठेवतं ते अपवादांचं वाक्य. मौन ठरवलं तेव्हाच अपवाद ठरवले होते. म्हणजे ऐनवेळी, समोर व्हाइसरॉय बसलेला असताना, आता बोलू की नको असा प्रश्नच पडला नाही, तो आधीच सुटलेला होता. आणि हे मौन सुरू कसं झालं तेही त्यांनी सरळ सांगितलंय, की सतत प्रवास, सभा, बोलणं याने जीव थकून जायचा आणि पत्रव्यवहार तुंबायचा म्हणून एक दिवस विश्रांतीचा घेतला, त्याचं आध्यात्मिक मोल नंतर उमगलं. मला हे फार धीर देणारं वाटतं. दमलेल्या माणसाने दमला म्हणून मौन धरलं तरी चालतं, आधी साधक वगैरे व्हायची गरज नाही.

आपल्याकडे मौन म्हटलं की डोळ्यांपुढे गुहा, हिमालय, नाहीतर दहा दिवसांचं शिबिर येतं. पण ज्यांनी खरंच वर्षानुवर्षं मौन पाळलं त्यांचे नियम बघायला गेलं तर त्यात गुहेपेक्षा व्यवस्थाच जास्त दिसते. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात तपाचा विषय येतो तिथे दोन प्रकारची मौनं सांगितलीत, काष्ठमौन आणि आकारमौन. काष्ठमौनात लाकडासारखं राहायचं, खूण नाही, इशारा नाही, चेहऱ्यानेसुद्धा काही कळवायचं नाही. आकारमौनात फक्त वाणी बंद, हातवारे आणि खुणा चालतात. म्हणजे मौन धरणाऱ्याने आपण यातलं कुठलं धरतोय हे आधी ठरवायचं. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 ला नगरजवळ मेहेराबादला मौन सुरू केलं ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. एवढ्या मोठ्या काळात ते लोकांशी संवाद साधत होते, आधी लिहून, मग अक्षरं रंगवलेल्या पाटीवर बोट ठेवून, आणि 1954 मध्ये ती पाटीही सोडल्यावर निव्वळ हातांच्या खुणांनी, जवळचा शिष्य त्या खुणा मोठ्याने वाचून दाखवायचा. युरोपात संत बेनेडिक्टची 6व्या शतकातली मठाची नियमावली आहे, तिच्यात रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कोणी एक शब्दही बोलायचा नाही असा कडक नियम आहे, मोडला तर शिक्षा आहे, आणि लगेच पुढे लिहिलंय की पाहुणा आला आणि त्याला काही लागलं, किंवा मठाधिपतीने कोणाला काही सांगितलं, तर बोलायचं, पण तेही मर्यादेने. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात खुणा आणि चिठ्ठ्यासुद्धा बंद असतात, तरी साधनेची शंका आचार्यांना विचारता येते आणि खोलीची, तब्येतीची अडचण व्यवस्थापकाला सांगता येते.

इतक्या वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या धर्मांची माणसं, पण प्रत्येकाने बोलायला एक दार ठेवलंय आणि ते दार आधी ठरवून ठेवलंय. मला वाटतं आपण रोज घरात एक तास मौन पाळायचं ठरवतो आणि तो तास टिकत नाही, त्याचं मुख्य कारण हेच आहे, आपण निर्धार करतो, घरच्यांशी ठरवत काहीच नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. विनयपिटक या बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात एक गोष्ट आहे. कोसल देशात काही भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एकत्र राहणार होते. भांडण न होता, मजेत कसं राहता येईल याचा त्यांनी विचार केला आणि ठरवलं की एकमेकांशी बोलायचंच नाही. जो भिक्षा मागून आधी परत येईल त्याने आसनं मांडायची, पाणी भरून ठेवायचं, जो शेवटी येईल त्याने आवरायचं, आणि एकट्याला उचलत नसेल असं काही असलं तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचं. तीन महिने असे काढले, एक भांडण नाही. मग बुद्धांना भेटायला गेले आणि आम्ही किती सुखात राहिलो ते सांगितलं. बुद्धांनी शाबासकी दिली नाही. ते म्हणाले, हे तर जनावरांसारखं, मेंढरांसारखं एकत्र राहणं झालं, दुःखात राहून सुखात राहिलो म्हणताय. आणि मुक्याचं व्रत घ्यायचं नाही असा नियमच घालून दिला. त्याच्या जागी पवारणा सुरू केली, म्हणजे वर्षावास संपताना प्रत्येकाने इतरांना म्हणायचं की माझ्यात काही चुकीचं पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल तर सांगा.

ही गोष्ट वाचली की मला आपली घरंच दिसतात. भांडण नको म्हणून न बोलणारी माणसं, सगळी कामं वेळेवर, पाणी भरलेलं, आवरलेलं, आणि आतून प्रत्येक जण एकटा. याला आपण अबोला म्हणतो आणि बाहेरून बघणाऱ्याला अबोला आणि मौन यातला फरक कळत नाही. मुलांना तर अजिबात कळत नाही. सहा वर्षांच्या मुलाची आई एक तास त्याच्याशी बोलली नाही की त्याच्या लेखी ती रागावलेली असते, दुसरी शक्यताच त्याच्याकडे नसते. म्हणून ज्या घरात आधीच अबोल्याची सवय आहे, नवरा-बायको चार चार दिवस धुसफुसत गप्प राहतात, तिथे मौनाचा तास सुरू करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी जे बोलायचं राहिलंय ते बोलून घ्यावं. नाहीतर रुसव्याला व्रताचं नाव मिळतं आणि मग समोरच्याला तक्रारसुद्धा करता येत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन भाग केलेत, शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. मौन यातल्या वाणीच्या तपात असेल असं कोणालाही वाटेल. तिथे ते नाहीये. वाणीचं तप म्हणजे समोरच्याला उद्वेग होणार नाही असं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं. मौन येतं पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात, प्रसन्नता आणि सौम्यपणाच्या शेजारी. म्हणजे तोंड मिटून आत धुमसत बसलेल्या माणसाला या हिशोबाने मौन म्हणताच येणार नाही, आणि जिभेची परीक्षा बोलतानाच होते, गप्प असताना नाही.

बरं, मग भरल्या घरात हा तास काढायचा कसा. पहिला सल्ला सगळे देतात की पहाटे लवकर उठा, घर झोपलेलं असतं. हा सल्ला मला पटत नाही. एक तर तो तास झोपेतून काढलेला असतो, आणि घरात ज्या व्यक्तीला शांतता सगळ्यात कमी मिळते तीच व्यक्ती आधीपासून सगळ्यात आधी उठणारी आणि शेवटी झोपणारी असते, बहुतेक घरांत ती बाई असते. तिला सांगायचं की अजून एक तास आधी ऊठ, म्हणजे शांतता हवी तर झोप दे. दुसरं, पहाटे बोलायला कोणी नसतंच, त्यामुळे ते मौन कमी आणि एकांत जास्त असतो. एकांत चांगलाच असतो, पण माणसं आजूबाजूला जागी आहेत, वावरतायत आणि तरी आपण बोलत नाही, यात जे कळतं ते एकांतात कळत नाही.

आमच्या घरात आम्ही पाच जण. सासूबाई, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. नवरा घरून काम करतो आणि त्याचे कॉल दिवसभर. मुलगी दहावीत, मुलगा पहिलीत. आणि मी. तास ठरवण्याआधी मी काही दिवस एका कागदावर फक्त लिहून ठेवत गेले की मला कोण, कधी, कशासाठी हाक मारतं. हे करून बघण्यासारखं आहे, कारण आपल्याला वाटतं घरात आवाज फार आहे, आणि कागदावर निघतात प्रश्न. चार्जर कुठे आहे, माझा निळा शर्ट धुतला का, आज क्लासला कोण सोडणार, टीचरना काय उत्तर द्यायचं, रिमोट कुठे गेला. खूपशा प्रश्नांना उत्तर द्यायला माझीच गरज नव्हती, मी समोर दिसत होते एवढंच. आणि हे सगळे प्रश्न दिवसभर सारखे पसरलेले नव्हते, बाहेर जायच्या आधी आणि बाहेरून आल्यावर त्यांची गर्दी व्हायची, मध्ये साडेपाच ते साडेसहा जरा विरळ, कारण तेव्हा मुलगा खाली खेळायला, मुलगी अभ्यासाला आणि सासूबाईंची मालिका अजून सुरू झालेली नसते. तो तास घेतला. घरात सगळे जागे, पण मागणी कमी.

मग आवाजाचं. इथे एक गोष्ट समजून घेतली की बरंच काम सोपं होतं. आपलं लक्ष मोडतं ते आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्यातल्या शब्दांमुळे. पंख्याची घरघर, वॉशिंग मशीन, पावसाचा पत्र्यावरचा आवाज, हे मोठे असले तरी एकसारखे असतात आणि थोड्या वेळात मेंदू ते बाजूला टाकतो. पण पलीकडच्या खोलीतलं हळू आवाजातलं बोलणं, ज्यातला अर्धामुर्धा शब्द कळतो, ते मेंदूला सोडवत नाही, तो आपोआप अर्थ लावायला धावतो. त्यात फोनवरचं बोलणं सगळ्यात वाईट कारण एकच बाजू ऐकू येते आणि दुसरी बाजू काय असेल हे आपलं डोकं भरत बसतं. म्हणून पंखा बंद करून दारं लावून घर चिडीचूप करण्यात अर्थ नाही, उलट पंखा चालू असलेला बरा, तो दुरून येणारे शब्द पुसून टाकतो. आमच्याकडे तीनच गोष्टी केल्या. नवऱ्याने त्या तासातले कॉल आतल्या खोलीत घ्यायचे, आणि त्या दाराच्या खालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लावायची, कारण दार कितीही जाड असलं तरी खालच्या बोटभर फटीतून बोलणं सगळं बाहेर येतं. सासूबाईंना वायरलेस हेडफोन आणले, त्यांना पहिल्यांदा ते कानाला जड वाटले, मग मालिकेतले संवाद इतक्या वर्षांनी नीट ऐकू यायला लागले म्हणून आता त्या एरवीही तेच लावतात. आणि कोणीही मोबाईल स्पीकरवर लावायचा नाही. मुलगा मध्येच वर आला आणि गाड्या जमिनीवर घासत खेळत बसला तरी चालतं, खडखड होते पण ती शब्दांत नसते.

यापुढचं ठरवणं जास्त नाजूक होतं. मौन माझं आहे, बाकीच्यांचं नाही. मी गप्प बसणार म्हणून घराने गप्प बसावं असं म्हणायला लागले तर तो माझा हुकूम झाला. सासूबाईंना संध्याकाळी गप्पा मारायला आवडतं, दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं माणूस मीच, त्यांच्याकडून हा तास काढून घेतला तर त्यांच्या वाट्याला दिवसातलं काय उरलं. म्हणून त्यांच्याशी बसून बोलले. म्हटलं, आई, मी साडेपाचला बसणार, त्याआधी आपण दोघी पंधरा मिनिटं बसू, तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा, आणि साडेसहाला मी तुमच्यापाशीच येते. त्या म्हणाल्या, मला मधे काही झालं तर. म्हटलं, तर हाक मारा, मी लगेच बोलेन, ते ठरलेलंच आहे. हे वाक्य ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. घरातल्या माणसांना आपल्या गप्प बसण्याचा त्रास होत नसतो, गरज पडली तर आपण त्यांना मिळणार नाही याची भीती असते.

तर अपवाद ठरले. कोणाला दुखलं, लागलं, पडलं, चक्कर आली, गॅसचा वास आला, तर मौन नाहीच. सासूबाईंनी नावाने हाक मारली तर नाही. मुलाला कशाची भीती वाटली तर नाही, आणि भीती खरी की खोटी हे मी तपासायचं नाही. दाराची बेल वाजली तर नवरा किंवा मुलगी बघणार. फोन बाजूच्या खोलीत ठेवलेला असतो, तो मुलीने उचलायचा आणि तासाभराने आई करेल एवढंच सांगायचं, आई ध्यानाला बसलीये वगैरे नाही. हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजला लावलं. मुलाने खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली, विंचू दिसला तर. ती तशीच ठेवलीये.

बेलचं आणि फोनचं मुद्दाम आधी ठरवलं, कारण एकाच्या मौनाचं काम दुसऱ्याच्या अंगावर पडतं आणि हे मौन धरणाऱ्याला दिसत नाही. मेहेरबाबांच्या खुणा वाचणारं माणूस सतत शेजारी लागायचं. घरात तसं माणूस गृहीत धरून चालत नाही. म्हणून या तासाच्या बदल्यात रात्री नऊ ते दहा मुलीचा तास, तेव्हा तिला कोणी काही विचारायचं नाही, आणि नवऱ्याचा रविवारी सकाळी. प्रत्येकाला तो मिळाल्यावर बाकीच्यांचा पाळायचं लक्षात राहतं.

आता प्रत्यक्ष तासात काय होतं. सुरुवातीला जे होतं ते सगळ्यांचंच सारखं असावं. बोलणं थांबतं आणि वाक्यं थांबत नाहीत. सकाळी कोणी काही बोललेलं असतं त्याला द्यायची उत्तरं तयार होत राहतात, चांगली धारदार, सकाळी सुचली नव्हती अशी. त्यांच्याशी झटापट करून उपयोग नाही. मला एक गोष्ट खूप कामाची वाटली ती म्हणजे श्वास बघणं, पण ध्यानात सांगतात तसा नाही. बोलायच्या अगदी आधी माणूस एक छोटा, पटकन श्वास आत घेतो, कारण वाक्य सगळं उच्छ्वासावर बोललं जातं. शांत बसलेलो असताना आत घेणं आणि बाहेर सोडणं जवळपास सारख्या लांबीचं असतं, बोलताना मात्र आत झटकन आणि बाहेर लांबच लांब. तर मौनात बसलं आणि मुलगी बाजूने पायमोजे तसेच टाकून गेली की तो छोटा श्वास आपोआप आत जातो, जीभ टाळूवरून सुटते, घसा थोडा आवळतो, आणि शब्द अजून आलेला नसतो. नेमकं ते पकडायचं. तो श्वास घेतला गेला, तो नुसताच सोडून द्यायचा. शब्द गिळण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे, कारण शब्द तयार झाल्यावर गिळला तर तो आत राहतो आणि चेहऱ्यावर दिसतो. काही दिवसांनी हे तासाच्या बाहेरही कळायला लागतं, समोरचा बोलतोय आणि आपण मध्ये घुसायला श्वास घेऊन तयार बसलोय.

मौन बिघडतंय हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, हातवारे वाढतात. नाही नाही, तो नाही, पलीकडचा, वरच्या कप्प्यातला, हे सगळं भुवया, बोटं आणि हं हं करून सांगायला लागलं की समजावं बोलणं तोंडातून निघून हातात गेलंय. हे फार जुनं दुखणं आहे. 12व्या शतकात वेल्सचा जेराल्ड नावाचा धर्मपंडित कँटरबरीच्या मठात जेवायला गेला होता, तिथल्या भिक्षूंना जेवताना मौन, आणि त्यांच्या हाताबोटांच्या खुणा आणि शिट्ट्या इतक्या चालल्या होत्या की हे नाटक बघण्यापेक्षा मर्यादेने बोललेले परवडले असं त्याने लिहून ठेवलंय. मी एक पाटी आणि खडू ठेवलाय. फार गरजेचं असलं तर एकच ओळ लिहायची, आणि खडूने लिहायला वेळ लागतो हाच त्याचा उपयोग, बहुतेक वेळा पाटी हातात घेईपर्यंत कळतं की हे साडेसहाला सांगितलं तरी चालेल. मोबाईलवर टाईप करणं यात बसत नाही. जीभ बंद आणि अंगठा चालू, याला काहीच अर्थ नाही, मेसेज लिहिताना मन अगदी तसंच बोलत असतं.

दुसरी खूण म्हणजे चेहरा. गप्प माणसाचा चेहरा घरातले सतत वाचत असतात, एरवीपेक्षा जास्त, कारण दुसरं काही ऐकायला नसतं. त्यामुळे कोणी समोर आलं की त्याच्याकडे नीट बघायचं, हसायचं. मान वळवून घेतली की ते मौन राहत नाही, तो दरवाजा लावून घेणं होतं. लहान मूल येऊन मांडीवर बसलं तर बसू द्यायचं. आमचा मुलगा सुरुवातीला येऊन माझा चेहरा दोन्ही हातांनी धरायचा आणि तू रागावलीस का विचारायचा. मी मान हलवायची आणि त्याला जवळ घ्यायची. आता विचारत नाही, येतो, टेकतो, उठून जातो. चार-पाच वर्षांपेक्षा लहान मूल असेल तर मात्र तासभर नको, दहा मिनिटं पुरेत, आणि तीही घरात दुसरं मोठं माणूस असेल तेव्हाच.

शेवटची दहा मिनिटं सगळ्यात कच्ची असतात. घड्याळाकडे लक्ष जातं, साडेसहाला काय काय सांगायचं याची यादी होते, बाकीचेही आपापले प्रश्न घेऊन उंबऱ्यापाशी येऊन थांबतात. आणि साडेसहा वाजले की सगळं एकदम फुटतं, त्यात तासाभराचं मिळवलेलं पाच मिनिटांत जातं. विपश्यनेच्या शिबिरात यावर चांगला उपाय आहे. माणसं घरी जातात अकराव्या दिवशी, पण मौन सुटतं दहाव्या दिवशी सकाळीच, म्हणजे मधला दिवस बोलायची सवय परत करून घ्यायला मिळतो, थेट मौनातून बाहेरच्या गोंगाटात पडायला लागत नाही. घरातल्या तासालाही असा उतार लागतो. आमच्याकडे साडेसहाला मी आधी सासूबाईंजवळ जाऊन बसते, त्या हळू बोलतात आणि मला मोठ्याने, सावकाश बोलावं लागतं, एकेक वाक्य. त्यानंतर मुलं. चार्जर आणि शर्ट त्याच्याही नंतर.

ज्या दिवशी कोणी आजारी असतं त्या दिवशी तास नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी भरूनही काढायचा नाही. भरून काढायला लागलं की हिशोब सुरू होतो आणि मग आजारी माणसाला वाटतं माझ्यामुळे हिचा तास गेला.

आणि ती पवारणा. रविवारी रात्री आवरून झालं की मी विचारते, माझ्या गप्प बसण्याचा या आठवड्यात कोणाला त्रास झाला का. बहुतेक वेळा कोणी काही म्हणत नाही. एकदा मुलगी म्हणाली, आई, तू काही बोलत नाहीस ते ठीक आहे, पण माझी रूम दिसते तिथेच बसतेस आणि मला वाटतं तू बघतेयस मी मोबाईल घेतेय का. मी म्हटलं, मी बघत नव्हते. ती म्हणाली, माहितीये, पण मला तसं वाटतं. खुर्ची सोमवारपासून खिडकीशी नेली. नवऱ्याने त्याच वेळी सांगितलं की दाराला चादर लावल्यावर खोलीत फार उकडतं, तर त्याच्यासाठी दाराच्या खालच्या कडेला चिकटवायची रबराची पट्टी आणायची ठरलीये, ती बसवली की दार उघडबंद करायलाही सोपं जाईल.